बाटली पुन्हा पुन्हा पांढरी पडते, वास येतो, बाळ ओढत नाही : दोष कुठे शोधायचा

बार्शीत माझं लहान मुलांच्या सामानाचं दुकान आहे. झबली, दुपटी, लंगोट यांच्या तक्रारी फारशा येत नाहीत. आल्या तरी मापाच्या असतात, बदलून दिलं की मिटतं. दुधाच्या बाटलीचं तसं नाही. तीच तक्रार, तेच घर, दर तीन आठवड्यांनी. "ताई, बाटली खराब निघाली." बदलून दिली की महिन्याभरात ती नवीही खराब 'निघते'. पहिली दोन वर्षं मी कंपनीच्या नावाने बोटं मोडत बाटल्या बदलून देत होते. नंतर लक्षात आलं, बाटली बहुतेक वेळा ठीक असते. ती कोणत्या वयासाठी, कशाची आणि धुवायची कशी, हे खोक्यावर नीट लिहिलेलं नसतं आणि आम्हीही सांगत नाही.

सांगायला एकच प्रसंग पुरेल, कारण त्या एका बाटलीत तिन्ही दुखणी होती.

एक काकू तिसरी बाटली घेऊन आल्या. साध्या पीपी प्लॅस्टिकची, २५० मिलीची. नातू चार महिन्यांचा. सुनेला दूध पुरत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी डब्याचं दूध लिहून दिलेलं. काकूंनी बाटली काउंटरवर आपटली आणि म्हणाल्या, "दोन महिन्यांत तीन बाटल्या झाल्या ताई. पांढरा थर जात नाही, कुबट वास येतो, आणि पोरगं तोंडात घेतं आणि टाकून देतं. दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं उकळतो आम्ही, अजून काय करायचं?"

'वीस-वीस मिनिटं उकळतो' हे ऐकूनच मी बाटली उजेडात धरली.

आधी पांढरेपणा

बाटली आतून धुरकट होती, पण बाहेरूनही तितकीच धुरकट. इथेच अर्धं कोडं सुटलं. दुधाचा थर असता तर तो आत असता. बाहेर कुणी दूध ओतत नाही. आतबाहेर सारखा पांढरा थर असेल तर तो पाण्याचा.

आमच्याकडे बहुतेक घरांत बोअरचं पाणी, आणि बोअरचं पाणी जड. त्यात विरघळलेला चुना असतो. पाणी गार असेपर्यंत तो विरघळलेलाच राहतो, उकळलं की वेगळा होऊन भांड्याला चिकटतो. गिझरच्या कॉइलवर आणि आंघोळीच्या पातेल्याच्या बुडाला जो पांढरा खडबडीत थर साचतो, तोच हा. म्हणजे काकूंच्या घरी बाटली जितकी जास्त उकळत होती तितकी जास्त पांढरी पडत होती. ती पांढरी दिसली की सून अजून पाच मिनिटं वाढवायची. वीस मिनिटांवर गाडी अशीच पोचली होती.

हा थर ओळखायला ओली बाटली बघू नका. ओली असताना ती स्वच्छच दिसते, वाळली की पांढरी होते. कोरड्या बाटलीवर बाहेरच्या बाजूने पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब ठेवायचा आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. व्हिनेगर नसेल तर गाळलेला लिंबाचा रस चालतो. मी काउंटरवर हेच केलं. थेंबाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बारीक बुडबुडे आले, आणि पुसल्यावर धुरकट बाटलीवर एक गोल, स्वच्छ चकती उमटली. काकूंनी चष्मा वर करून ती चकती पाहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्ही चुना उकळत होतो?" तसंच.

थेंबाने थर गेला तर तो चुना. नाही गेला आणि बोट फिरवल्यावर चिकट, तुपकट लागलं तर ती दुधातली स्निग्धता. दोन्ही नसेल आणि नख फिरवताना खरखर लागत असेल, तर थर नाहीच, प्लॅस्टिकच घासून गेलंय. पहिल्या दोघांवर इलाज आहे. तिसऱ्यावर नाही, ती बाटली टाकायची. ओरखड्यात ब्रश पोचत नाही, दूध मात्र पोचतं.

चुना काढायचा तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, त्यात बाटली अर्धा तास बुडवून ठेवा. लिंबू सत्त्व असेल तर अर्ध्या लिटर कोमट पाण्याला एक चहाचा चमचा. मग नेहमीसारखी धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, निर्जंतुक करून वापरा. आठवड्यातून एकदा पुरे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकू नका. फेस छान येतो, पण त्या फेसात दोघेही एकमेकांना खाऊन टाकतात आणि चुना तिथेच राहतो. मोबाइलवरचे निम्मे व्हिडिओ याच फेसावर चालतात.

पण काढत बसण्यापेक्षा तो बसूच न देणं सोपं. उकळण्यासाठी आरओचं पाणी घ्या. एवढ्याशा पातेल्याला दीड-दोन लिटर लागतं. आणि वेळ कमी करा. पाणी खळखळ उकळायला लागल्यापासून ५ ते १० मिनिटं पुरतात. सगळे भाग सुटे करून पूर्ण बुडलेले हवेत, बाटलीत हवेचा फुगा अडकलेला नको. पातेल्याच्या तळाशी एखादी ताटली किंवा फडकं टाका, म्हणजे पाणी आटलंच तर प्लॅस्टिक थेट तापल्या बुडाला टेकणार नाही. वाफेचं यंत्र असेल तर त्याच्या तापणाऱ्या तबकडीवरही हाच चुना बसतो आणि तोही असाच व्हिनेगरने निघतो.

रोज उकळायचं किती दिवस? बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर रोज एकदा उकळणं सोडू नका. मोठ्या, निरोगी बाळासाठी दर वेळी नीट धुणं जास्त महत्त्वाचं. तुमचे डॉक्टर वर्षभर उकळा म्हणत असतील तर तसं करा, त्याने बिघडत काही नाही. पण न धुता उकळणं म्हणजे घाण शिजवणं. आणि याचीच तर दुसरी तक्रार होती.

मग वास

पांढऱ्या थराला वास नसतो. चुन्याला कसला वास येणार? म्हणजे वासाचं मूळ दुसरीकडे होतं. मी बाटली हुंगली, वास जेमतेम. झाकणाची रिंग उलटी करून हुंगली, आणि नाक मागे घेतलं. रिंगच्या आतल्या आट्यांमध्ये पिवळसर, दह्यासारखी एक रेघ बसली होती. दातकोरणीने खरवडली तर चिकट कणी निघाली.

सून बाटली आतून ब्रशने घासायची, निपल चोळायची, रिंग मात्र नुसती पाण्याखाली धरायची. बहुतेक घरांत असंच असतं. बाटलीत दूध टिकतं तीन जागी: बाटलीच्या गळ्यावरच्या आट्या, रिंगच्या आतल्या आट्या आणि निपलची जी कड रिंगमध्ये बसते तिच्या खाली. वरून बाटली काचेसारखी चमकत असते आणि वास या तीन जागांमधून येतो.

त्यात भर म्हणजे सून बाटली आधीच कढत पाण्याने विसळायची. वाटतं की कढत पाणी जास्त स्वच्छ करेल. पण दुधातली प्रथिनं उष्णतेने गोठून चिकटतात, दुधाचं पातेलं धुताना हे रोज दिसतंच. म्हणून बाळाचं पिऊन झालं की लगेच सुटे भाग करून आधी गार पाण्याने विसळायचं. मग गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, कारण स्निग्धता गरम पाणी-साबणानेच सुटते. बाटलीच्या ब्रशने आतून, लहान ब्रशने आट्या आणि निपल आतून. निपलच्या छिद्रातून साबणाचं पाणी दाबून काढायचं, मग साधं पाणी दाबून काढायचं. बिनवासाचा साबण असेल तर उत्तम. सिलिकॉन आणि प्लॅस्टिक दोन्ही वास धरून ठेवतात, आणि लिंबाच्या वासाचं दूध चार महिन्यांच्या बाळाला आवडेलच असं नाही.

वेगळं भांडं ठेवा. बाळाच्या वस्तू थेट सिंकमध्ये टाकू नका, तिथे सकाळच्या मटणाचा रस्सा असू शकतो. ब्रश स्पंजचा घ्या, निदान पीपीच्या बाटलीला. कडक नायलॉनचा ब्रश काचेला चालतो, पीपीवर तो हळूहळू ओरखडे पाडतो. तारेची घासणी आणि राख तर अजिबात नको. आणि धुतल्यावर पुसू नका. पदराने, टॉवेलने, कशानेच नाही. स्वच्छ जाळीवर उलट्या ठेवून सुटे भाग वाळू द्या. ओले भाग जोडून झाकण लावलं की पावसाळ्यात दोन दिवसांत निपलच्या आत काळे ठिपके येतात. ते बुरशीचे असतात. तो निपल धुण्यात वेळ घालवू नका, फेका.

एक फरक सांगून ठेवते, कारण यावरून एकीने माझ्याकडून दोन बाटल्या उगाच नेल्या होत्या. आईचं काढून फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध कधीकधी साबणासारखं वास मारतं. त्या दुधातलंच एक विकर स्निग्धतेचं विघटन करत असतं, म्हणून तो वास. दूध खराब झालेलं नसतं आणि दोष बाटलीचाही नसतो. दूध ओतून रिकामी, धुतलेली बाटली हुंगा. वास नसेल तर बाटलीला सोडून द्या.

बाळ ओढत का नव्हतं

काकूंच्या बाटलीचा निपल मी बोटांत घेऊन ताणला. मधोमध छिद्र नव्हतं, फाटलेली फट होती. "सुई तापवून मोठं केलंय का?" काकू गप्प. मग म्हणाल्या, "अहो, येतच नव्हतं त्यातून."

सुई तापवण्याचा हा उद्योग आपल्याकडे घरोघरी चालतो. सिलिकॉन तापल्या सुईने वितळत नाही, फाटतं. फाट एकदा पडली की बाळाच्या हिरड्यांनी ती वाढत जाते. दूध धारेने येतं, बाळ ठसकतं, गुदमरतं, घाबरून तोंड काढून घेतं. पुढे त्यातला तुकडा तुटून तोंडात जाण्याची भीती वेगळीच.

पण काकू खोटं बोलत नव्हत्या. आधी दूध खरंच येत नव्हतं. का, ते रिंग पाहून कळलं. गळू नये म्हणून ती करकचून आवळलेली होती. निपलच्या कडेला एक बारीक छिद्र किंवा चीर असते. बाळ दूध ओढतं तेव्हा त्या जागी बाटलीत हवा यायला हवी, ती तिथून येते. रिंग आवळली की ती चीर दबते. हवा येत नाही, निपल आत ओढला जाऊन चपटा होतो, दूध थांबतं. बाळ रडतं. घरचे समजतात, छिद्र लहान आहे.

करून बघण्यासारखं आहे. रिंग हाताने बसेल एवढीच लावा आणि मग किंचित, पाव आट्याएवढी, सैल करा. बाळ ओढत असताना दुधातून बारीक बुडबुडे वर जाताना दिसले पाहिजेत. बुडबुडे दिसले की हवेची वाट मोकळी. नाही दिसले तर निपलच्या कडेची ती चीर दोन बोटांत हलकेच चोळून उघडा, कधीकधी ती आपापसात चिकटलेली असते.

आणि गळतं म्हणून आवळत असाल तर गळण्याचं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. एक म्हणजे निपल रिंगमध्ये वाकडा बसलेला. तो वरून ओढून त्याची खाच रिंगला पूर्ण चौफेर बसली पाहिजे. दुसरं म्हणजे गरम दूध बंद बाटलीत हलवलं. आत वाफ कोंडते आणि ती निपलमधून दूध बाहेर ढकलते. रिंग कितीही आवळा, ती ढकलणारच.

आता वयाबद्दल. खोक्यावर '०+', '३+', '६+' असं लिहिलेलं असतं, आणि लोक समजतात की ते बाटलीचं वय. ते निपलचं असतं. बाटली तीच राहते, लहान बाळाला १२५ किंवा १५० मिलीची सोयीची, पुढे २५० ची. बदलायचा असतो निपल: ० ते ३ महिन्यांना सगळ्यात संथ, ३ महिन्यांनंतर मध्यम, ६ महिन्यांनंतर जलद. अडचण अशी की छिद्राचं माप सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. एकीचा 'मध्यम' दुसरीच्या 'जलद'एवढा निघतो. म्हणून आकड्यावर जाऊ नका. बाटलीत पाणी भरा, उलटी धरा, दाबू नका. सुरुवातीचा एक झटका सोडून द्या. त्यानंतर अगदी लहान बाळाच्या निपलमधून साधारण सेकंदाला एक थेंब पडला पाहिजे. धार लागली तर तो निपल त्या वयाचा नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

बाळही सांगतं. घटाघट आवाज, ओठांच्या कडेने दूध ओघळणं, ठसका म्हणजे प्रवाह जास्त. अर्धा तास चोखूनही बाटली तेवढीच, मध्येच चिडून सोडणं आणि निपल चपटा नसणं म्हणजे प्रवाह कमी. निपल चपटा असेल तर आधी रिंग. काकूंच्या नातवाला मी तोच मधला निपल नवा दिला, सुई न लावलेला, आणि रिंग सैल कशी करायची ते काउंटरवर पाणी भरून दाखवलं. निपल दोन-तीन महिन्यांनी बदला. चिकट लागला, फुगला, चीर गेली, तर त्याआधीच. दर वेळी वापरण्यापूर्वी चारी बाजूंनी ताणून बघा. रबराचे पिवळे निपल सिलिकॉनपेक्षा लवकर म्हातारे होतात, बाळाला दात आले की पारदर्शक सिलिकॉन आधी कुरतडलं जातं.

बाटली कशाची आहे

काकू निघता निघता म्हणाल्या, "मग चांगली, बिनविषारी बाटली द्या. ती बीपीए की काय नसलेली." हा प्रश्न आता खेड्यातूनही येतो, त्याचं मला कौतुक आहे. पण उत्तर वेगळं आहे. बीपीए हे रसायन होतं ते पॉलिकार्बोनेटच्या, काचेसारख्या स्वच्छ कडक प्लॅस्टिकच्या बाटल्यांत. युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये बाळांच्या बाटल्यांतून ते काढलं. आपल्याकडे प्लॅस्टिक बाटल्यांचं भारतीय मानक आयएस १४६२५ आहे, त्याच्या २०१५ च्या आवृत्तीने बीपीए बंद केलं. आज मिळणाऱ्या बहुतेक दुधाळ, अर्धपारदर्शक बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे पीपीच्या, तळाच्या त्रिकोणात ५ आकडा असलेल्या. पीपीमध्ये बीपीए कधी नव्हतंच. त्यावर 'बीपीए मुक्त' लिहिणं म्हणजे शेंगतेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल नाही' लिहिण्यासारखं. खोटं नाही, पण कळत काही नाही.

बघायचं ते आयएसआय चिन्ह, त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये टाकला की तो परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. आठवडी बाजारातल्या तीस रुपयांच्या बाटलीवर हे शोधा. सहसा सापडत नाही. कायद्याने हे चिन्ह नसलेली दुधाची बाटली विकताच येत नाही.

पीपी स्वस्त आणि हलकी, पण उष्णतेने आणि घासण्याने लवकर थकते. २०२० मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी 'नेचर फूड'मध्ये दाखवलं की पीपीच्या बाटलीत गरम पाण्याने दूध बनवलं तर लिटरमागे १.६ कोटींपर्यंत अतिसूक्ष्म प्लॅस्टिकचे कण सुटू शकतात, आणि पाणी जितकं गरम तितके जास्त. त्याने बाळाला नेमकं काय होतं हे अजून ठरलेलं नाही, पण टाळणं फुकट आहे. डब्याचं दूध बाटलीत कालवू नका. स्टीलच्या किंवा काचेच्या उकळलेल्या भांड्यात कालवा. पाणी उकळून, अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे निदान ७० अंशांना असतानाच भुकटी घाला. हे तापमान भुकटीतल्या जिवाणूंसाठी लागतं, कारण डब्यातली भुकटी निर्जंतुक नसते. मग भांडं गार पाण्यात ठेवून कोमट करा आणि तेव्हा बाटलीत ओता. गरम दूध बाटलीत हलवण्याचा आणि त्यामुळे गळण्याचा प्रश्नही यातच सुटतो. बाटली मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. उरलेलं दूध एक तासाने टाकून द्या, कितीही जीवावर आलं तरी.

मधासारख्या रंगाच्या बाटल्या असतात त्या पीपीएसयू नावाच्या प्लॅस्टिकच्या. उष्णता जास्त सोसतात, महाग. काच वास धरत नाही आणि सहसा ओरखडत नाही, पण पडली की संपली, आणि बाळ स्वतः धरायला लागलं की जड. स्टीलची फुटत नाही, पण दूध किती उरलं ते दिसत नाही. निर्जंतुक करायच्या क्लोरीनच्या गोळ्या स्टीलला वापरू नका, डाग आणि खड्डे पडतात. काकूंनी किंमत विचारून पीपीचीच ठेवली, आणि ती ठीकच होती.

आता मी काय करते. बाटलीची जाहिरात करणं, तिच्यावर सूट देणं, भेट देणं याला आपल्या १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो अजून कडक झाला. कारण साधं आहे, आईच्या दुधाला बाटलीने मागे सारू नये. म्हणून दुकानात बोर्ड नाही, 'उत्तम', 'आईसारखी' असले शब्द नाहीत, दिवाळीची सूट नाही. कुणी विकत घेतलीच तर पिशवीत एक चिठ्ठी टाकते. ती अशी:

"ही बाटली पीपीची, २५० मिली. सोबतचा निपल सिलिकॉनचा, ३ महिन्यांच्या पुढच्या बाळासाठी. त्याहून लहान बाळाला संथ निपल लागेल. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच, बाटली डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. शक्य असेल तर वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा, ते धुणं सोपं. सुटे भाग चार: बाटली, रिंग, निपल, झाकण. चारही वेगळे करून आधी गार, मग गरम साबणाच्या पाण्याने धुवा, रिंगच्या आट्या विसरू नका. आरओच्या पाण्यात ५ ते १० मिनिटं उकळा. पांढरा थर आला तर व्हिनेगर. छिद्र मोठं करू नका. रिंग आवळू नका. निपल २-३ महिन्यांनी, बाटली ओरखडली की बदला. एक वर्षानंतर पेला."

शेवटच्या वाक्यावर माझा नवरा हसतो, म्हणतो, आपलंच गिऱ्हाईक आपण घालवतो. असू दे.

काकू दीड महिन्याने आल्या, फक्त निपल घ्यायला. बाटली तीच होती, पिशवीतून काढून दाखवली, बाहेरून स्वच्छ, तळाशी थोडी धुरकट. मी रिंग हुंगली. काही नाही.

सगळाच दोष घरचा असतो असं मात्र म्हणायचं नाही. रिंग बसवताना दर वेळी त्याच जागी आटा सरकत असेल, गळ्याच्या कडेला साच्याची धारदार शिवण राहिली असेल, मिलीच्या खुणा पहिल्या दोन-चार धुण्यातच निघत असतील किंवा मापाच्या पेल्याने १०० मिली पाणी ओतल्यावर बाटली ९० दाखवत असेल, तर ती बाटली सदोष आहे. ती न धुता, पावतीसकट घेऊन या. मापात फरक असलेली तर लगेच, कारण भुकटीचे चमचे आपण त्याच खुणांवर मोजतो.